दर महिन्याला येणारा ‘सायनस’ आणि ऑपरेशनचा प्रश्न

पत्र : माझं वय ३८. चार-पाच वर्षांपासून सायनसचा त्रास आहे. महिन्यातून तीन-चार वेळा उजव्या भुवईवर आणि गालात ठणकतं, नाक चोंदतं, उजव्या डोळ्यातून पाणी येतं, खाली वाकलं की जास्तच. एक-दीड दिवस दिवा बंद करून पडून राहते, फोडणीचा वाससुद्धा नको होतो. हवा बदलली, उन्हातून गाडीवर आले किंवा पाळी जवळ आली की हमखास. वाफारा, सुंठेचा लेप, सर्दीची गोळी सगळं चालू आहे. महिन्यातले दहाएक दिवस कसली ना कसली गोळी पोटात जातेच. अँटिबायोटिक घेतलं की दोन दिवसांत उतरतं, पण पुन्हा येतं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या गालाच्या सायनसचं अस्तर जाड झालंय आणि नाकाचा पडदा वाकडा आहे असं आलं. दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलंय. सासूबाई म्हणतात, करून टाक एकदाचं. करू का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर :

ऑपरेशनची तारीख अजून घेऊ नका. घेतली असेल तर दोन-तीन महिने पुढे ढकला. पत्र वाचून निदान करता येत नाही, पण तुमच्या पत्रात घाई करावी असं एकही लक्षण नाही आणि थांबावं अशी बरीच आहेत. तुम्ही लिहिलेलं दुखणं सायनसच्या जंतुसंसर्गापेक्षा अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या वर्णनाला कितीतरी जास्त जुळतं. ते तपासून न घेता नाकाचं ऑपरेशन केलं, तर नाक मोकळं होईल आणि डोकं दुखतच राहील, असं घडू शकतं.

आधी कालावधी बघू. बहुतेक वेळा निम्मा उलगडा तिथेच होतो. सायनसमध्ये जिवाणूंचा खरा संसर्ग होतो, तेव्हा सुरुवात साध्या सर्दीने होते. सर्दी दहा दिवसांनंतरही हटत नाही, किंवा चार-पाच दिवसांत बरी होत आली असं वाटतं आणि मग ताप, दाट पिवळा-हिरवा शेंबूड आणि एका बाजूचं दुखणं घेऊन ती उलटते. वास येईनासा होतो, वरच्या दाढा दुखतात. हे सगळं आठवडा-दोन आठवडे चालतं. असा संसर्ग वर्षातून चार वेळा झाला आणि मधल्या काळात माणूस पूर्ण बरा राहिला, तर डॉक्टर त्याला ‘वारंवार होणारा’ म्हणतात. तुमच्या हिशेबाने वर्षाला चाळीसेक वेळा होतंय, आणि प्रत्येक वेळी दीड दिवसात संपतंय. इतक्या वेळा पू होणं आणि इतक्या लवकर तो आपोआप नाहीसा होणं, असं सायनस वागत नाहीत. अर्धशिशी मात्र नेमकी तशीच वागते. उपचार न केलेला तिचा झटका ४ ते ७२ तास टिकतो, मग निघून जातो, आणि मधले दिवस बरे असतात.

दुसरा धागा तुम्ही अंधारात का पडून राहता हा. अर्धशिशी ओळखायला जगभरचे डॉक्टर तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी वापरतात. गेल्या तीन महिन्यांत डोकं दुखताना मळमळ झाली का? उजेडाचा त्रास झाला का? दुखण्यामुळे निदान एक दिवस तरी काम, अभ्यास किंवा घरचं काही अडलं का? तिन्हीपैकी दोन उत्तरं ‘हो’ असतील तर अर्धशिशीची शक्यता बरीच जास्त. चेहरा दुखतो म्हणून वर्षानुवर्षं सर्दीच्या गोळ्या घेणाऱ्या कुणीही हे तीन प्रश्न आज स्वतःला विचारावेत. सायनसायटिसच्या रोग्याला उजेड सहसा खुपत नाही. फोडणीच्या वासाने त्याला मळमळत नाही, उलट बहुतेकदा त्याला वासच येत नाही.

आता तुमची मुख्य शंका असणार ती नाकाची. अर्धशिशी असेल तर नाक का चोंदतं, डोळ्यातून पाणी का येतं? चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस आहे, ट्रायजेमिनल. तिच्या तीन शाखा. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल, गालातला सायनस आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. अर्धशिशीत ही नस चेतते. पहिली शाखा चेतली तर भुवईवर दुखतं, दुसरी चेतली तर गालात आणि वरच्या दाढांत. म्हणजे दुखण्याची जागा सायनसच्या बरोबर वर असली, तरी दुखणं सायनसमधून आलेलं नसतं. याच नसेचा मेंदूच्या देठाशी एक प्रतिक्षिप्त जोड आहे. ती जोरात चेतली की देठातून उलटा संदेश नाकामागच्या मज्जातंतूंच्या गाठीपर्यंत जातो, आणि तिथून नाकाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्यांना आणि अश्रुग्रंथीला. रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं, नाक चोंदतं, डोळा पाणावतो, कधी पापणीही जड होते. हे बहुधा दुखणाऱ्याच बाजूला होतं. अर्धशिशीच्या जवळजवळ निम्म्या रोग्यांना यातलं काही ना काही होतं.

तेव्हा नाक चोंदण्यावरून काहीच ठरवता येत नाही. नाकातून काय येतं, ते बघा. अर्धशिशीत येतं ते पाण्यासारखं, पारदर्शक. पुढच्या झटक्यात पांढऱ्या रुमालावर शिंकरून पाहा. थोडं पिवळं दिसलं तरी लगेच घाबरू नका, कारण साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो आणि त्याला अँटिबायोटिक लागत नाही. दाट, दुर्गंधी येणारा, एकाच नाकपुडीतून आणि दिवसेंदिवस येत असेल, तर मात्र ती गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येतो.

वाकल्यावर वाढतं म्हणजे सायनसच, असं आपल्याकडे घरोघरी धरून चालतात. अर्धशिशीत वाकणं, जिना चढणं, पटकन मान वळवणं, या सगळ्यानेच ठणका वाढतो. ते तर तिच्या निदानाच्या निकषांतलं एक लक्षण आहे. झटका आलेला असताना एक मजला जिना चढून पाहा. वाकताच वाढतं आणि चढतानाही वाढतं, तर वाकण्याला वेगळा अर्थ उरत नाही. तुमचं हवेबद्दलचं निरीक्षण मात्र बरोबर असू शकतं. पहिल्या पावसाआधीची दमट घुसमट, ऑक्टोबरचं ऊन, डिसेंबरच्या सकाळी गाडीवर लागणारा गार वारा, हे सारे अर्धशिशीचेही नेहमीचे चिथावणारे. पाळीच्या आधी एक-दोन दिवस दुखणं तर जंतूंना कळण्याचं काही कारण नाही. तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि अर्धशिशी उठते. चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपवास, विसर्जनाच्या मिरवणुकीतला ढोल-ताशा, शनिवारचं जागरण आणि रविवारी उशिरापर्यंतची झोप यांनंतरही दुखतं का, तेही आठवून पाहा.

मग अँटिबायोटिकने बरं कसं वाटलं? तुम्ही ते दुखणं शिगेला पोचल्यावर सुरू करता. झटका एरवीही दीड-दोन दिवसांत उतरणारच असतो. शिवाय त्याच चिठ्ठीवर बहुधा वेदनाशामक गोळी असते, सर्दीची गोळी असते. पाच दिवसांचा कोर्स संपतो तोवर दुखणं संपलेलं असतं आणि श्रेय अँटिबायोटिकला जातं. पारख करायची तर एवढंच आठवा. औषधाशिवाय काढलेला एखादा झटका किती वेळ टिकला होता? तोही दीड-दोन दिवसच असेल, तर अँटिबायोटिकने काही केलेलं नाही. वर्षातून असे चार-पाच कोर्स विनाकारण झाले तर पोट बिघडतं आणि अंगातले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

स्कॅनवर जरा थांबून बोलू, कारण पुण्यात काय किंवा कुठेही काय, रिपोर्टातल्या ओळीचा दबाव फार असतो. सायनसचं अस्तर थोडं जाड असणं ही अतिशय सामान्य गोष्ट आहे. १९९४ साली एका अभ्यासात साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सर्दीच्या दोन-चार दिवसांत सीटी स्कॅन काढले. त्यातल्या २७ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. त्यांना सायनसायटिसचं औषध दिलं नव्हतं. दोनेक आठवड्यांनी १४ जणांचे पुन्हा स्कॅन केले तेव्हा ११ जणांचं चित्र निवळलेलं किंवा खूपच सुधारलेलं होतं. नाकाची काहीच तक्रार नसलेल्या, दुसऱ्याच कारणाने डोक्याचा स्कॅन काढलेल्या लोकांतही असे जाड पापुद्रे सर्रास सापडतात. तुमचा स्कॅन झाला तेव्हा सर्दी होती का, ऍलर्जीचे दिवस होते का, हे कुणी विचारलं का? पडद्याचंही तसंच. पडदा अगदी सरळ असलेली माणसं थोडी. वाकडा पडदा श्वासाला अडथळा करत असेल, तर तो सरळ करून श्वास सुधारतो. पण पडद्याचं टोक बाजूच्या भिंतीला टेकतं म्हणून डोकं दुखतं, या समजुतीला फारसा आधार नाही. तशी टेकलेली टोकं चेहरा कधीच न दुखणाऱ्या लोकांतही तितकीच सापडली आहेत.

एक आकडा सांगतो, पण त्याची मर्यादाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असं मानणाऱ्या, किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या २,९९१ जणांना तपासलं. त्यांच्यातल्या ८८ टक्क्यांचं दुखणं अर्धशिशीच्या प्रकारात बसलं. नाक चोंदण्याची तक्रार त्यांच्यातल्या सुमारे ६३ टक्क्यांना होती. मात्र उघड जंतुसंसर्ग असलेल्यांना त्या अभ्यासातून आधीच वगळलं होतं. त्यामुळे ‘सायनस म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना अर्धशिशी’ असं सरसकट म्हणू नये. ताप नाही, पू नाही, तरी चेहरा पुन्हा पुन्हा दुखतो, अशांच्या बाबतीत मात्र तो आकडा लागू पडतो. तुम्ही त्यांतल्या आहात.

हे पान वाचणाऱ्या इतरांचं दुखणं वेगळंही असेल, म्हणून थोडक्यात. नाकाच्या मुळाशी आणि दोन्ही डोळ्यांखाली सारखाच दाब, रोजच्या रोज, ठणका नाही, मळमळ नाही, असं असेल तर ती बहुतेक ताणाच्या डोकेदुखीची चेहऱ्यावरची बहीण असते. तिला रात्रीची १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिनची गोळी, डॉक्टरांनी दिल्यास, पुष्कळदा लागू पडते. दात घासताना, तोंड धुताना विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ येत असेल, तर ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. एका डोळ्यामागे असह्य दुखतं, १५ मिनिटं ते ३ तासांत संपतं, आणि त्या वेळी पडून राहवतच नाही, येरझाऱ्या घालाव्या लागतात, तर क्लस्टर डोकेदुखी. चावताना किंवा सकाळी उठताना कानापुढे दुखतं तर जबड्याचा सांधा. आणि आधी उल्लेख केलेला एका नाकपुडीतला दुर्गंधी स्राव : वरच्या दाढेची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात. मूळ सडलं, रूट कॅनाल नीट झाला नाही किंवा दाढ काढताना छिद्र पडलं, तर पू थेट सायनसमध्ये उतरतो. अशा वेळी दाढेचा इलाज न करता केवळ सायनस धुतला तर तो पुन्हा भरतो. नाकाच्या एकाच बाजूने वरचेवर रक्त येत असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नका.

आता तुम्ही काय करायचं. पुढचे आठ आठवडे एका वहीत नोंद ठेवा. दुखायला लागलं ती वेळ, संपलं ती वेळ, कोणती बाजू, उजेड आणि आवाज खुपला का, मळमळलं का, नाकातून आलेल्याचा रंग, पाळीचा कितवा दिवस, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि दोन तासांनी किती टक्के उतरलं. गोळ्यांचा रकाना प्रामाणिकपणे भरा, कारण तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी त्याची आहे.

सर्दीच्या गोळीत साधारणपणे पॅरासिटामॉल, झोप आणणारं क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असतं, काहींत कॅफिनही. पॅरासिटामॉलने दुखणं जरा कमी होतं, क्लोरफेनिरामिनने डोळा लागतो, आणि आपल्याला वाटतं ‘सायनस मोकळा झाला’. तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनने नाक मोकळं होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये काढला. खरा धोका पुढे आहे. वेदनाशामकांची मिश्र गोळी महिन्यातले दहा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीमुळेच डोकेदुखी वाढते. साध्या पॅरासिटामॉलसाठी किंवा आयब्युप्रोफेनसाठी ही सीमा पंधरा दिवसांची. अशा वेळी दुखणं रोजचं होतं, सकाळी उठतानाच डोकं जड असतं आणि गोळी थोडाच वेळ पुरते. तुम्ही त्या काठावर आहात. नाक मोकळं करणारे थेंबही, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे, सलग पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. पुढे थेंबांशिवाय नाक उघडतच नाही, आणि तो चोंदलेपणाही सायनसच्या खात्यात जमा होतो.

झटका येईल तेव्हा गोळी लवकर घ्या, दुखणं सुरू झाल्यापासून तासाभरात. अर्धशिशीत जठराची हालचाल मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि ‘मला काही लागू पडत नाही’ असं वाटतं. प्रौढ व्यक्तीला पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या, हा योग्य डोस आहे. आपण एक घेतो आणि निराश होतो. दिवसभरात एकूण ४ ग्रॅमच्या वर जाऊ नका, वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी कमी, आणि त्या दिवशी सर्दीची गोळी नको, तिच्यातही तेच औषध असतं. त्याने भागत नसेल तर डॉक्टर नॅप्रोक्सेन देतात, बहुधा ५०० मिलिग्रॅम, पोटात काहीतरी असताना. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर ते चालत नाही. मळमळ थांबवणारी गोळी अर्धा तास आधी दिली तर वेदनाशामक शोषलं जायला मदत होते.

यापुढचा टप्पा ट्रिप्टान गटाच्या गोळ्यांचा, उदाहरणार्थ सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम. या खास अर्धशिशीसाठी आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायच्या. हृदयविकार, आधी झालेला पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर अजिबात नाही. यांचीही मर्यादा महिन्यातले नऊ दिवस. ट्रिप्टानने दोन तासांत गालाचं दुखणं आणि नाक दोन्ही मोकळं झालं तर तो एक चांगला संकेत असतो. मात्र त्यावरच निदान ठरवत नाहीत.

महिन्यातले चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील तर रोजची प्रतिबंधक गोळी सुरू करायची की नाही, हे न्यूरॉलॉजिस्टशी बोलून ठरवा. तुमचे असे पाच-सहा दिवस जातात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन ही नेहमीची औषधं. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको. फ्लुनारिझिनने वजन आणि झोप वाढते, मन उदास होऊ शकतं. मूल होण्याचा विचार असेल तर तो आधीच सांगा, कारण याच कामाची टोपिरामेट आणि व्हाल्प्रोएट ही औषधं गर्भाला घातक ठरू शकतात. प्रतिबंधक औषधाचा अंदाज यायला आठ ते बारा आठवडे लागतात. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून बहुतेक जण सोडतात, आणि पुन्हा वाफाऱ्याच्या पातेल्याकडे वळतात. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येत असतील आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर तेही डॉक्टरांना मुद्दाम सांगा. त्या दोन्हींचा जोड पक्षाघाताचा धोका वाढवतो.

वाफारा आणि लेप यांना माझा विरोध नाही. ऊब बरी वाटते, लेपाच्या चुरचुरीने लक्ष दुसरीकडे जातं. फक्त उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर घेऊ नका आणि लहान मूल घरात असेल तर जमिनीवरही नको. भाजण्याचे अपघात असेच होतात. शिंका, नाकाला खाज, सकाळची सर्दी, म्हणजे ऍलर्जीही असेल, तर तिच्यावर वेगळा उपचार हवा. अर्धशिशी आणि ऍलर्जी एकाच माणसाला असणं मुळीच दुर्मीळ नाही. स्टिरॉइडचा नाकातला फवारा उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, टोक बाहेरच्या बाजूला, कानाकडे रोखून, मधल्या पडद्याकडे नव्हे. जोरात ओढू नका, नाहीतर औषध घशात जातं. पूर्ण फायदा यायला दोन आठवडे तरी द्या. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं. टाकीचं किंवा नळाचं थेट नको, कारण त्यातला एक दुर्मीळ अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊन जीव घेऊ शकतो. पाव लिटर पाण्याला अर्धा चहाचा चमचा साधं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा, इतकं पुरे.

काही लक्षणं दिसली तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डोळ्याभोवती सूज येणं, एकाचे दोन दिसणं, ताप आणि ताठ मान, क्षणात शिगेला गेलेली आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी, हातापायात कमजोरी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, तिच्यासोबत चावताना जबडा भरून येणं किंवा केस विंचरताना डोक्याची कातडी दुखणं, हेही त्याच यादीत, कारण त्यात दृष्टी जाऊ शकते. मधुमेह ताब्यात नसेल आणि गाल बधिर झाला, नाकात काळी खपली दिसली, तर ती म्युकरमायकोसिसची शक्यता. २०२१ मध्ये महाराष्ट्राने हा आजार पाहिला आहे, त्यात एका रात्रीचाही उशीर परवडत नाही.

राहिलं ऑपरेशन. आठ आठवड्यांची वही घेऊन आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जा, मग पुन्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. एकदा दुखत असतानाच दुर्बिणीतून नाक तपासून घ्यायची विनंती करा. त्या वेळी नाकातल्या मधल्या फटीत पू किंवा मसा दिसतो का, हा प्रश्न विचारा. फट स्वच्छ असेल आणि दुखणं चालूच असेल, तर ते दुखणं सायनसचं नाही याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पू किंवा मसे दिसले, नाक बारा आठवड्यांहून जास्त काळ सलग चोंदलेलं असेल, वास गेलेला असेल आणि फवारा व नाक धुणं नीट करूनही सुधारणा नसेल, तर ऑपरेशनची शिफारस योग्य असू शकते. दीर्घकाळच्या सायनसायटिसमध्ये तर पुष्कळदा जडपणा असतो, पण तीव्र दुखणं नसतं. म्हणून शेवटचा प्रश्न असा विचारा : ऑपरेशनने माझा श्वास सुधारेल की दुखणं थांबेल, आणि दुखणं थांबेल असं तुम्हाला वाटत असेल तर ते स्कॅनमधल्या कोणत्या गोष्टीवरून? सोबत नुसता रिपोर्ट नको, स्कॅनची फिल्म किंवा सीडी न्या, आणि स्कॅनच्या दिवशी सर्दी होती की नाही ते तिच्या पाकिटावर लिहून ठेवा.